खबर बरी आहे, पण

टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये मला सगळे 'दादा' म्हणतात. भाजीवाली म्हणते, नारळवाला म्हणतो, बजाजीवाला म्हणतो. (बजाजी म्हणजे रिक्षा. आपल्या पुण्याच्या बजाजवरूनच पडलेलं नाव आहे ते, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं.) स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. भाऊ म्हणजे 'काका'. आई ती 'मामा', आजी 'बीबी', आजोबा 'बाबू', आणि बाबा तेवढे बाबाच. साताऱ्याला आईला फोनवर ही सगळी नाती सांगितली, तर ती म्हणाली, "एवढा गोंधळ घालून ठेवलाय, मग बाबांनाच का सोडलं?"

2017 मध्ये नोकरीसाठी इथे आले तेव्हा माझ्याकडे स्वाहिलीचा एकच शब्द होता: जांबो. कुठल्याही प्रवासी माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतो तो. विमानतळावर मी सगळ्यांना जांबो म्हणाले, सगळ्यांनी हसून जांबो म्हटलं, आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलले. मला वाटलं, काय छान जमलं! न जमल्याचीच ती खूण होती, हे कळायला पुढे दोनेक महिने लागले.

दुसऱ्या आठवड्यात घरून आलेलं एक पार्सल सोडवायला एका कार्यालयात गेले होते. रांगेत पाऊण तास उभी होते. खिडकीशी पोचले, पावती पुढे सरकवली आणि ऑफिसातल्या मुलीने कागदावर लिहून दिलेलं वाक्य म्हटलं, की मला माझं पार्सल हवंय. खिडकीमागच्या बाईंनी पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "हबारी झा असुबुही." मी पुन्हा पार्सल म्हटलं. त्या पुन्हा, "हबारी झा असुबुही." माझ्या मागचा माणूस वाकून हळूच म्हणाला, "न्झुरी म्हणा." मी म्हटलं, न्झुरी. त्यावर बाईंचा चेहरा लगेच सैल पडला, पावती उचलली गेली आणि पाच मिनिटांत पार्सल हातात आलं. आत आईने पाठवलेलं मेतकूट होतं.

"हबारी झा असुबुही" म्हणजे सकाळची खबर काय. त्या बाईंना माझ्या सकाळशी काही देणंघेणं नव्हतं. आधी माणूस म्हणून समोर ये, मग गिऱ्हाईक म्हणून ये, एवढंच त्या सांगत होत्या.

आता त्या जांबोकडे येते. जांबो हे नाम आहे. अर्थ साधारण 'गोष्ट', 'बाब', 'प्रकरण'. आपल्याकडचा त्याच्या चालीचा शब्द शोधायचा तर मी 'भानगड' म्हणेन. खरं अभिवादन आहे ते 'हुजांबो'. मूळ जोडणी 'हुना जांबो', म्हणजे तुझ्याकडे काही भानगड नाही. ते आखडून हुजांबो झालं आणि सूर चढवला की प्रश्न झाला: काही भानगड नाही ना? त्याला उत्तर 'सिजांबो': माझ्याकडे काही नाही. समोर दोनचार जण असतील तर 'हाम्जांबो?' आणि त्यांनी सगळ्यांनी मिळून म्हणायचं 'हातुजांबो'. प्रश्नातल्या पुरुषाप्रमाणे उत्तरातला पुरुष बदलतो. हुजांबोला हुजांबो म्हणून उत्तर दिलंत तर तुम्ही उत्तर दिलंच नाहीत, उलट विचारणाऱ्यालाच विचारलंत.

मग नुसतं 'जांबो' म्हणजे काय? तर कुणीतरी विमानातून उतरावं आणि दिसेल त्याला हात हलवून "भानगड! भानगड!" असं ओरडत सुटावं, तसं ते आहे. लोक रागावत नाहीत. तेही प्रेमाने "भानगड!" म्हणतात आणि समजून चुकतात की या पाहुण्याशी आता इंग्रजीतच बोलायचं आहे. हॉटेलं, जंगलसफारीच्या गाड्या, चावीच्या साखळ्या आणि टी-शर्ट, एवढ्यावर हा शब्द सुखाने जगतो. इथली माणसं आपसात तो क्वचितच वापरतात. त्याचं अनेकवचन 'मांबो' मात्र तरुण पोरांनी उचललंय. "मांबो?" "पोआ." म्हणजे, काय चाललंय, मस्त. हा पोआ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

हबारी शब्द आपल्याला शिकावा लागत नाही. अरबीतला खबर तिकडे समुद्रमार्गे गेला आणि हबारी झाला, आपल्याकडे खबरच राहिला. "हबारी गानी?" म्हणजे शब्दशः "काय खबर?", आपलं "काय खबरबात?" त्याला उत्तर न्झुरी. यातला झ झाडातला, झेंड्यातला नव्हे, म्हणून मराठी जिभेला तो चांगला जमतो. गुजराती शेजारणीचा मात्र हटकून जुरी होतो.

स्वाहिलीत विशेषणं नामाप्रमाणे बदलतात, पण आपली शेपटाकडून बदलतात आणि त्यांची डोक्याकडून. आपण बरा, बरी, बरं म्हणतो. ते चांगल्या माणसाला 'म्झुरी' म्हणतात, चांगल्या वस्तूला 'किझुरी', आणि चांगल्या खबरीला 'न्झुरी'. म्हणजे न्झुरी म्हणताना 'मी बरी आहे' असं आपण म्हणतच नसतो, 'खबर बरी आहे' असं म्हणतो. बोलताना तर हबारी शब्दही गळून पडतो आणि मागे त्याचा नुसता षष्ठीचा प्रत्यय उरतो. "झा लेओ?" आजची? "झा काझी?" कामाची? "झा न्युंबानी?" घरची? "झा सिकू न्यिंगी?" पुष्कळ दिवसांची? आणि न दिसणाऱ्या त्या खबरीला साजेलशा रूपात उत्तर मिळतं: न्झुरी. आपणही "कशी काय?" "बरी" असं बोलतोच की, तब्येत हा शब्द तोंडातून न काढता.

आता यातली खरी मेख. न्झुरी हे उत्तर ठरलेलं आहे. ताप असो, नोकरी गेलेली असो, रात्री चोर येऊन गेलेला असो, पहिलं उत्तर न्झुरीच. सलामा म्हणा, न्जेमा म्हणा, पोरांत असाल तर साफी म्हणा, पण वाईट म्हणू नका. मी सुरुवातीला मोठ्या सचोटीने उत्तरं द्यायची. कामाची खबर काय, असं कुणी विचारलं की खरंच सांगायला बसायची, की हिशेब जुळत नाहीयेत, ऑडिट तोंडावर आलंय. समोरचा माणूस अवघडून जायचा. दारातली रांगोळी ओलांडून जाण्याऐवजी कुणी तिच्यावरूनच चालत यावं, तसं काहीसं माझं होत होतं.

मला वाटलं, हा सगळा खोटेपणा आहे. मग ऑफिसातल्या त्याच मुलीने समजावलं. ती म्हणाली, न्झुरी म्हणायचं, आणि मग म्हणायचं 'लाकिनी'. लाकिनी म्हणजे पण, हिंदीतलं लेकिन. न्झुरी, लाकिनी मूल आजारी आहे. न्झुरी, लाकिनी काल घरात पाणी शिरलं. खबर बरी आहे, पण. वाईट बातमी सांगायला कुणाची ना नाही, फक्त ती दारातच सांगायची नाही.

हे ऐकलं आणि मला आमच्या आजोबांची पत्रं आठवली. पंधरा पैशांच्या कार्डावर बारीक अक्षरात पहिली ओळ ठरलेली: "येथील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवीत जावे." त्यानंतर "विशेष", आणि त्या विशेषमध्ये सगळा हलकल्लोळ. विहीर आटली आहे, म्हैस दगावली, धाकट्याचे लग्न मोडले. पण वर सर्व क्षेमच. त्यात कुणाला खोटेपणा दिसला नाही. क्षेम नसलेलं पत्र वेगळंच असायचं, त्याचा कोपरा फाडलेला असायचा आणि ते वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. बाकी सगळं, अगदी म्हशीसकट, क्षेमच्या पोटात मावत असे. न्झुरीच्या पोटात तसंच मावतं.

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक वयस्कर रखवालदार आहेत. पासष्टीचे असतील. पहिले काही महिने ते मला मॅडम म्हणत आणि मी त्यांना जाता येता मान हलवून दाखवत असे. मग एकदा शेजारची शाळकरी पोर त्यांच्यासमोर थांबली, किंचित वाकली आणि म्हणाली, "शिकामो." ते म्हणाले, "मराहाबा." मी तिला विचारलं हे काय. ती म्हणाली, मोठ्यांना म्हणायचं असतं. अर्थ विचारला तर तिला सांगता येईना. ऑफिसात कळलं: शिकामो म्हणजे 'पाय धरते'. शिका म्हणजे धर, आणि शेवटी उरलेला तुकडा पायाचा.

ही बाई सातासमुद्रापार येऊन पाया पडण्यापाशीच पोचली, असं मला हसू आलं. आपल्याकडे खरंच वाकावं लागतं, कंबर धरलेली असली तरी. यांनी ते शब्दांत उरकलंय. पण चाल तीच आहे. आपण नमस्कार करतो तेव्हा मोठं माणूस उलट आपल्या पाया पडत नाही, "सुखी राहा", "औक्षवंत हो" असं काही म्हणतं. इथेही शिकामोला शिकामो हे उत्तर नाही. उत्तर मराहाबा. अरबीतून आलेला शब्द आहे, आणि इथे त्याचा अर्थ एवढाच, की तुझा मान पोचला. मराहाबा म्हटल्यावर मोठं माणूस बहुतेकदा आपण होऊन लहानाला विचारतं, "हुजांबो?" आणि लहानाने म्हणायचं "सिजांबो." मोठ्यांना आपण आधी हुजांबो विचारणं मात्र तेवढं शोभत नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी थांबून मी त्यांना म्हटलं, "शिकामो, म्झे." म्झे म्हणजे वडीलधारे. ते खुर्चीतून उठायला लागले होते ते तसेच परत बसले. "मराहाबा, म्वानांगू." मराहाबा, माझ्या लेकरा. त्या दिवसापासून मॅडम संपलं.

पदापेक्षा वय मोठं, हे इथलं साधं गणित. ते आपल्याला माहीत नाही असं नाही, पण आपण ते रखवालदारापर्यंत नेत नाही. या गणितात एक खाचही आहे. शिकामोच्या नादात मी एकदा आमच्या विक्री विभागातल्या एका बाईंना शिकामो म्हणाले. त्या माझ्याहून फार तर तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि खोलीभर ऐकू जाईल असं "मराऽहाबा, मुली" म्हटलं. सगळे हसले. लोकलमध्ये चाळिशीच्या बाईला "काकू, जरा सरकता का" म्हटल्यावर जे होतं, तेच. इथून उत्तरेला केनियात गेलात, नैरोबीसारख्या शहरात, तर शिकामो पुष्कळ विरळ होतो. तिथली तरुण मंडळी "सासा?" म्हणतात आणि "फिती" किंवा "पोआ" म्हणून सुटतात. टांझानियात मात्र शिकामो अजून जिवंत आहे.

सकाळी फाटकाशी आमचं जे बोलणं होतं ते एकदा लिहूनच काढते. "शिकामो, म्झे." "मराहाबा, म्वानांगू. हुजांबो?" "सिजांबो. उमेआम्काजे?" उठलात कसे? "सलामा. झा न्युंबानी?" "न्झुरी. वातोतो हावाजांबो?" मुलं बरी आहेत ना? "हावाजांबो. हाया, काझी न्जेमा." बरं तर, काम चांगलं होवो. "आसांते, ना वेवे पिया." तुमचंही. सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद. मी चालतच असते, शेवटची दोन वाक्यं पाठीमागून येतात, एकाचं उत्तर संपायच्या आत दुसऱ्याचा प्रश्न सुरू झालेला असतो. यातून माहिती शून्य मिळते. पण एखाद्या दिवशी त्यांचा सलामा अर्धा सेकंद उशिरा आला, तर मला थांबावंसं वाटतं. उत्तर ठरलेलं असलं की आवाजातला फरक लगेच कळतो. गवयाची बंदिश पाठ असली की त्याचा सर्दीचा घसा पहिल्या आवर्तनात ओळखू येतो, तसं.

आता पोले. या शब्दाने मला जेवढं चकवलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

करिआको बाजारात मी एकदा ठेचकाळले. पडले नाही, नुसता पाय मुडपला. तिघाचौघांनी एकदम म्हटलं, "पोले, दादा! पोले!" एक केळीवाली होती, एक हातगाडीवाला, एक नुसताच उभा होता. मला शब्दाचा अर्थ 'सॉरी' असा शिकवलेला होता. म्हणून मी त्यांना समजावू लागले, की नाही नाही, तुमची काही चूक नाही. केळीवाली गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिने चूक केलीय असं तिला वाटतच नव्हतं.

पोले म्हणजे माफी नव्हे. तुला जे सोसावं लागलं ते मी पाहिलं, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि त्यात दोषाचा प्रश्नच येत नाही. हातातून पेन पडलं, पोले. खोकला आला, पोले. उन्हात उभी आहेस, पोले. प्रवासाहून आलीस, 'पोले ना सफारी', कारण प्रवास म्हटला की दगदग आलीच. (सफारी म्हणजे नुसता प्रवास, सिंह दिसलाच पाहिजे असं नाही.) कुणी काम करताना दिसलं तर 'पोले ना काझी'. हे ऐकून मी चक्रावले होते. काम करणाऱ्याबद्दल हळहळ? पण विचार केला तर बरोबरच आहे. आपल्याकडे रानात खुरपणाऱ्या बाईला बांधावरून जाणारी म्हणते, "काय, उरकलं का?" तीही हीच दखल असते, फक्त तिला वेगळा शब्द नाही. आणि कुणी गेलं असेल तरी हाच शब्द, 'पोले क्वा म्सिबा', दुःखाबद्दल पोले. समोर माणसं जास्त असली की 'पोलेनी'. पेन पडण्यापासून माणूस जाण्यापर्यंत शब्द एक. मात्रा तेवढी बदलते: पोले, पोले साना, आणि फारच असेल तर हात हातात घेऊन नुसतं पो-ले, सावकाश.

उत्तरही एकच, आसांते. धन्यवाद. "काही नाही हो" म्हणायचं नाही, "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही. मी आपली सवयीने तेच म्हणत राहायची. आपल्याला कुणी सहानुभूती दाखवली की ती परतवून लावण्यातच आपला मोठेपणा असतो. इथे ती घ्यायची आणि आसांते म्हणायचं.

जुनी माणसं आणखी एक उत्तर देतात, 'निमेशापोआ'. यात तो पोआ आला पाहा. पोआ हे मूळ क्रियापद, अर्थ निवणे. 'चाय इमेपोआ', चहा निवला. ताप उतरला तरी पोआ, जखम भरली तरी पोआ, राग शांत झाला तरी पोआ. 'निमेशापोआ' म्हणजे मी निवलेसुद्धा. पोले हा शब्दही याच कुळातला, म्हणून 'पोलेपोले' म्हणजे हळूहळू, सावकाश. आणि कोपऱ्यावरची पोरं "मांबो? पोआ!" म्हणतात तेव्हा तीही तेच क्रियापद वापरत असतात, आजोबांना पत्ता नसतो आणि नातवांना फिकीर नसते. मला गंमत वाटते ती आपल्या 'पोळणे'ची. त्यांचं पोले निववतं, आपलं पोळलं की फुंकर घालावी लागते.

पोलेचा मला रागही आलेला आहे. आमच्या नळाचं काम करायला आलेला फुंदी, म्हणजे कारागीर, पाईपचा जोड ढिला ठेवून गेला. रात्रीत स्वयंपाकघरभर पाणी झालं. दुसऱ्या दिवशी आला, पाण्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "पोले साना." मी म्हटलं, अरे पोले काय, तूच केलंयस ना हे! चुकलेल्याने म्हणायचा शब्द वेगळा आहे, 'समाहानी'. माफ करा. त्याला उत्तर 'बिला समाहानी', माफी मागायचं कारण नाही. पाय पडला की समाहानी आधी आणि पोले नंतर. नुसतं पोले म्हणणारा माणूस आपल्या बाजूला येऊन उभा राहतो आणि दोघं मिळून पाण्याकडे बघत राहतात, जणू पाऊसच पडला होता. स्वाहिलीने चूक आणि दुःख यांना दोन शब्द दिले हे उत्तम केलं. पण कुठला उचलायचा ते ज्याचं त्याच्या हातात आहे, आणि फुंदी लोक हुशार असतात.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहाटे भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. त्या दिवशी विमानाचं तिकीट मिळालं नाही. सकाळी सुटीच्या अर्जासाठी ऑफिसला निघाले. फाटकाशी म्झे होते. मी शिकामो म्हटलं, त्यांनी मराहाबा म्हटलं, हुजांबो विचारलं, मी सिजांबो म्हटलं. मग ते म्हणाले, "झा न्युंबानी?" घरची खबर?

मी थांबले. आणि माझ्या तोंडून अगदी इथल्या माणसासारखं निघालं, "न्झुरी... लाकिनी मामा अमेआंगुका. अमेवुंजिका म्गू." बरी आहे, पण आई पडली. पाय मोडला. मराठीत त्या दिवशी मला ही बातमी कुणालाच धड सांगता आलेली नव्हती. नवऱ्याला सांगताना रडू आलं होतं, साहेबांना फोनवर सांगताना भलतीच कोरडी बोलले होते. इथे आधी न्झुरी म्हणून झालं होतं, पायाखाली एक पायरी होती, तिच्यावर उभं राहून पुढचं बोलता आलं. त्यांनी हातातलं किल्ल्यांचं कडं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पोले, म्वानांगू. पोले साना." मी आसांते म्हटलं.

साताऱ्यात पंधरा दिवस दवाखाना आणि घर केलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आईच्या पलंगाशी बसून आपापल्या मावशीचा, आत्याचा, शेजारणीचा खुबा कसा मोडला होता ते सविस्तर सांगायचा. त्यातल्या दोन मावश्या गोष्टीच्या शेवटी दगावल्या. आई नम्रपणे ऐकायची.

परत आले तेव्हा फाटकाशी आधी 'पोले ना सफारी' झालं. मी आसांते म्हटलं आणि बॅग उचलली. तर ते म्हणाले, "ना पोले ना कुउगुझा." हा शब्द मला नवा होता. वर जाऊन शोधला. कुउगुआ म्हणजे आजारी असणे, आणि कुउगुझा म्हणजे आजाऱ्याची सेवा करणे. उशापायथ्याशी बसण्याबद्दल पोले. आजारी आईबद्दल तर सगळ्यांनीच विचारलं होतं. रात्री दोनदा उठून भांडं देणाऱ्या बाईलाही काही म्हणायचं असतं आणि त्यासाठी घडवलेला शब्दप्रयोग असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याला उत्तर आसांतेच होतं, ते मी द्यायची राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं. त्यांना ते कशाबद्दल ते कळलं, असं वाटलं.

त्यानंतर रोजच्या बोलण्यात एक ओळ वाढली. "मामा हाजांबो?" आईला काही भानगड नाही ना? पहिले काही आठवडे मी म्हणायची, "हाजांबो किदोगो." थोडी बरी आहे. प्रश्नात हाजांबो आणि उत्तरातही हाजांबो, फक्त सूर खाली येतो. वॉकर सुटला आणि काठी आली, तेव्हा एका सकाळी किदोगो गळालं. म्झे म्हणाले, "आ!"

मग दिवाळीच्या आधी मी फाटकाशीच उभी राहून आईशी व्हिडिओवर बोलत होते. म्झेंनी मान वाकडी करून फोनमध्ये पाहिलं आणि हात छातीला लावून म्हणाले, "पोले, मामा. पोले साना."

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"पोले म्हणतायत. म्हणजे... सॉरी."

"ते कशाला? त्यांनी का पाडलं मला?"

"तसं नाही गं. वाईट वाटलं म्हणतायत."

"मग अरेरे म्हणतायत म्हण की सरळ," आई म्हणाली. सहा वर्षांत मला हे भाषांतर सुचलं नव्हतं. "आणि आपण काय म्हणायचं?"

"आसांते."

"आसांते!" आई जरुरीपेक्षा मोठ्याने ओरडली, परदेशी माणसाला ऐकू कमी येतं अशा समजुतीने. म्झे खूश झाले. त्यांनी फोनच्या आणखी जवळ येऊन विचारलं, "हुजांबो, मामा?"

हे काही आईला सांगितलेलं नव्हतं. पण माणूस काय विचारतोय ते तिला कळलंच. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरी."

म्झेंना वाटलं, हबारी.

"न्झुरी, मामा," ते म्हणाले, "न्झुरी साना."